स्मार्ट इंडिया हॅकेथॉन: कॉलेजच्या अंतर्गत फेरीसाठी टीमची नोंदणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी काही वर्षं स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचा स्पॉक म्हणून काम करतोय. कॉलेज आणि आयोजक यांच्यामधला एकमेव अधिकृत माणूस म्हणजे स्पॉक. गणपतीच्या सुट्ट्या आणि अंतर्गत फेरी हमखास एकमेकांवर येतात, आणि मग आरतीच्या वेळी माझा फोन वाजत राहतो. प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. हॅकेथॉनचे नियम वर्षागणिक थोडे बदलतात, तेव्हा चालू वर्षाची सूचना शेजारी उघडून ठेवा आणि मग हे वाचा.

मी थेट sih.gov.in वर जाऊन आमची टीम नोंदवू शकतो का?

नाही. विद्यार्थ्याला तिथे स्वतःहून टीम घालता येत नाही. आधी कॉलेज नोंदवलं जातं, तेही त्याच्या आयशे कोडवर. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात प्रत्येक संस्थेला जो क्रमांक मिळतो तो हा कोड. मग कॉलेज स्वतःची अंतर्गत फेरी घेतं. त्यातून निवडलेल्या टीमची माहिती स्पॉक पोर्टलवर भरतो. त्यानंतर टीम लीडरच्या ईमेलवर लॉगिन येतं, आणि आयडिया अपलोड करण्याचं काम लीडर त्या लॉगिनने करतो.

म्हणजे तुम्ही आता जो फॉर्म भरताय तो आमच्या कॉलेजचा, अंतर्गत फेरीचा आहे. पण त्यातलीच माहिती मी पुढे पोर्टलवर टाकणार. मी ती टाइप करत बसत नाही, तुमच्या शीटमधून जशीच्या तशी उचलतो. इथे ईमेलमध्ये एक अक्षर चुकलं, तर तीच चूक थेट दिल्लीपर्यंत जाते.

आम्ही पाच जण आहोत. सहावा नंतर टाकला तर?

चालणार नाही. लीडर धरून सहा जण, ना कमी ना जास्त. आमचा फॉर्म सहाही रकाने भरल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून काही जण सहाव्या जागी हॉस्टेलमधल्या रूममेटचं नाव त्याला न विचारता टाकतात. अशा टीम आम्हाला कशा कळतात? फॉर्म आल्यावर आम्ही प्रत्येक सदस्याच्या स्वतःच्या ईमेलवर एक ओळ पाठवतो: "तुमचं नाव अमुक टीममध्ये आहे, मान्य असेल तर उत्तर द्या." दोन दिवसांत उत्तर आलं नाही की फोन. फोनवर "कुठली टीम, सर?" असं ऐकू आलं की तो फॉर्म बाजूला.

सहावा माणूस प्रोग्रामिंग करणाराच हवा असं नाही. सॉफ्टवेअर गटात बहुतेकांना कोडिंग यायला हवं ही अपेक्षा रास्त आहे, पण सादरीकरण नीट बांधणारा आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन लोकांशी बोलून येणारा एक जण टीममध्ये असला की फरक पडतो. हार्डवेअर गटात मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर अशी मिसळ असावी, असं आयोजकच सांगतात.

टीममध्ये मुलगी असलीच पाहिजे का?

हो, किमान एक. हा नियम आयोजकांचा आहे, आमचा नाही, आणि त्यात सूट नाही. आता खरी गोष्ट सांगतो. शेवटच्या आठवड्यात मेकॅनिकलची मुलं मुलींच्या वर्गाबाहेर "आमच्या टीममध्ये फक्त नाव दे, काम आम्ही करू" म्हणत फिरतात. मुलींनो, असं नाव देऊ नका. अंतर्गत फेरीत परीक्षक कोणालाही उभं करून विचारतात, आणि बहुतेक वेळा जो गप्प बसलाय त्यालाच. एका वर्षी एका चांगल्या टीमला परीक्षकांनी विचारलं, "हा भाग कोणी केला?" पाच बोटं एकाच मुलाकडे गेली आणि टीममधली मुलगी खाली मान घालून बसून राहिली. ती टीम तिथेच थांबली. वाईट टीमचं वाटलं नाही, तिचं वाटलं. दुसऱ्या टीममध्ये ती सेन्सरचं काम करू शकली असती.

माझा मित्र शेजारच्या पॉलिटेक्निकमध्ये आहे. संस्था एकच, गेटही एकच. तो चालेल का?

नाही. सहाही जण एकाच कॉलेजचे हवेत. एकाच शिक्षण संस्थेचं इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक आणि फार्मसी एकाच आवारात असलं तरी प्रत्येकाचा आयशे कोड वेगळा असतो, आणि पोर्टलच्या लेखी ती वेगळी कॉलेजं ठरतात. शंका असेल तर दोघांच्या आयकार्डवरचं कॉलेजचं पूर्ण नाव शेजारी ठेवून वाचा. नाव वेगळं दिसलं की विषय संपला.

शाखा आणि वर्ष मात्र वेगळं चालतं. दुसऱ्या वर्षाचा सिव्हिलवाला आणि शेवटच्या वर्षाची कॉम्प्युटरवाली एका टीममध्ये असायला काहीच हरकत नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी तेवढं डिसेंबरकडे पाहून हो म्हणावं. २०२४ ची अंतिम फेरी ११ डिसेंबरला सुरू झाली, म्हणजे हिवाळी परीक्षांच्या अगदी शेजारी. सॉफ्टवेअर गटाची फेरी सलग ३६ तासांची असते. हार्डवेअर गटाची काही दिवस चालते आणि परगावी असते. ज्याची इंटर्नशिप डिसेंबरात पुण्या-बेंगळुरूत आहे, त्याने आधी मॅनेजरला विचारावं आणि मग आम्हाला नाव द्यावं.

नाव कसं लिहायचं? आडनाव आधी की शेवटी?

प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सर्टिफिकेटच्या सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच असतात. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी छापतात, आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी असतं, आणि कॉलेजच्या आयकार्डवर क्लार्कने त्या दिवशी जे टाइप केलं असेल ते. एकच मुलगी तीन कागदांवर तीन प्रकारे असते. फॉर्ममध्ये एकाने `Pawar Shruti Anil` लिहिलं आणि दुसऱ्याने `Shruti Anil Pawar`, तर सर्टिफिकेटवर तेच तसंच छापून येतं, आणि मग "सर, माझ्या सर्टिफिकेटवर माझं नाव पवार आहे आणि आडनाव अनिल" असा मेसेज येतो.

आमच्या फॉर्मचा नियम असा: इंग्रजी लिपीत आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा आईचं जे कागदोपत्री असेल ते, शेवटी आडनाव. स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवरचं. सगळी अक्षरं कॅपिटल नकोत, टोपणनाव नको, नावापुढे "भाऊ" नको. (हो, एकाने लिहिलं होतं.) अंतिम फेरीला गेलात तर दारावर ओळखपत्र तपासतात, त्यामुळे आधारचं स्पेलिंग मार्कशीटपेक्षा वेगळं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करायला टाका. आधार केंद्रावरची रांग नोव्हेंबरात लहान होत नाही.

टीम लीडर कोणी व्हावं?

जो सगळ्यात हुशार तो लीडर, हा समज सोडून द्या. इथे लीडर म्हणजे ज्याच्या ईमेलवर लॉगिन येणार आणि ज्याच्या फोनवर आम्ही व आयोजक संपर्क करणार तो माणूस. पोर्टलवर आयडिया त्याच्याच लॉगिनने चढते. त्याचा फोन बंद म्हणजे टीम बंद.

आमच्याकडे असं एकदा झालं. लीडर मुलगा उत्तम कोडर होता, पण फॉर्ममध्ये त्याने जुन्या सिमचा नंबर दिला होता. रिचार्ज संपलं आणि इनकमिंग बंद झालं. ईमेल कॉलेजचा दिला होता, जो तो महिन्यातून एकदा उघडायचा. लॉगिनची मेल स्पॅममध्ये जाऊन पडली. शुक्रवारी मुदत संपत होती, आणि गुरुवारी रात्री त्याच्या टीममधल्या एका मुलीने मला विचारलं, "सर, आमचं काय झालं?" तोवर बाकीच्या टीमनी आयडिया चढवल्या होत्या. रात्री साडेअकराला त्याला गावाकडे त्याच्या वडिलांच्या फोनवर गाठलं. त्याचा वाय-फाय चालत नव्हता, म्हणून बहिणीच्या हॉटस्पॉटवरून पीडीएफ चढली. वाचले, पण केवळ नशिबाने.

म्हणून लीडरच्या संपर्कासाठी आम्ही चार गोष्टी मागतो. मोबाइल नंबर: स्वतःच्या खिशातला, ज्यावर व्हॉट्सअॅप आहे तोच. ईमेल: वैयक्तिक, रोज उघडला जाणारा, कॉलेजचा नको, कारण काही कॉलेजांच्या मेल सर्व्हरला बाहेरच्या सिस्टिमची मेल आत घ्यायची सवय नसते. पर्यायी संपर्क: टीममधल्याच दुसऱ्या सदस्याचा, घरच्यांचा नाही. आणि एक होकार: "निवड झाल्यापासून आयडिया अपलोड होईपर्यंत मी सकाळ-संध्याकाळ मेल पाहीन." शेवटचं वाचून मुलं हसतात. हसू दे.

मोबाइल आणि ईमेल लिहिताना काय चुकतं?

सहाही जणांचे हे रकाने स्वतंत्र हवेत. लीडरचाच नंबर सहा वेळा लिहिणारी टीम दरवर्षी एक तरी असते. नंबर दहा अंकी, मध्ये जागा नको, आधी शून्य नको, `+91` नको. शीट एक्सेलमध्ये उघडली की अरुंद रकान्यात नंबर `9.8E+09` असा दिसतो. तो बिघडलेला नसतो, रकाना रुंद केला की नीट दिसतो. पण कोणी घाबरून तेच टाइप करून ठेवलं तर मात्र खरंच बिघडतो.

ईमेलमध्ये `gmail.con`, `gamil.com` आणि शेवटची अदृश्य स्पेस हे तीन नेहमीचे पाहुणे. फोनच्या कीबोर्डवर ऑटोफिलने ईमेल भरला की ती स्पेस आपोआप येते. भरून झाल्यावर फॉर्मच्या उत्तराची प्रत तुमच्याच ईमेलवर येते. ती आली नाही, याचा अर्थ तुम्ही पत्ता चुकवलात. यापेक्षा सोपी तपासणी दुसरी नाही.

मी दोन टीममध्ये असू शकतो का? तुम्हाला कळतं तरी कसं?

नाही. आणि कळतं. सगळ्या टीमच्या सदस्यांचे मोबाइल नंबर एका रकान्यात ओततो आणि शेजारी हे लिहितो:

```
=COUNTIF($E$2:$E$700,E2)
```

उत्तर १ पेक्षा मोठं आलं की तो माणूस दोन ठिकाणी आहे. ईमेलवर हीच युक्ती कधीकधी फसते, कारण जीमेलच्या पत्त्यातले टिंब जीमेल मोजत नाही. टिंब घालून आणि न घालून लिहिलेला पत्ता एकाच माणसाचा असतो, शीटला मात्र दोन वेगळे दिसतात. म्हणून नंबर, ईमेल आणि पीआरएन तिन्ही तपासतो. दोन टीममध्ये सापडलात तर आम्ही फोन करून एकच टीम निवडायला सांगतो. दुसऱ्या टीमला अर्थातच सहावा माणूस नव्याने शोधावा लागतो, आणि तेव्हा त्यांचं तुमच्याबद्दलचं मत मी ऐकत नाही, पण अंदाज करू शकतो.

टीमचं नाव काय ठेवावं?

काहीही, पण त्यात कॉलेजचं नाव किंवा त्याचं संक्षिप्त रूप कुठल्याही स्वरूपात नको. हा आयोजकांचा नियम आहे. नाव इतर कोणाचं नसलेलं हवं. "कोड वॉरियर्स" आणि "इनोव्हेटर्स" देशभरात आधीच घेतलेले आहेत असं समजून चाला. आपली मुलं "मावळे" ठेवतात आणि मग "मावळे २", "मावळे ऑफिशियल" अशी रांग लागते. नाव इंग्रजीत टाइप करायचं असल्यामुळे ज्याचं स्पेलिंग एकाच प्रकारे होईल असं निवडा. स्पेलिंगवरून सहा जणांत वाद झाला, की सादरीकरणात एक आणि फॉर्ममध्ये दुसरं असं होतं.

समस्या कशी निवडायची?

मंत्रालयं, सरकारी खाती आणि उद्योग त्यांच्या समस्या देतात आणि पोर्टलवर त्या क्रमांकासह असतात. सॉफ्टवेअर की हार्डवेअर हेही तिथेच लिहिलेलं असतं. फॉर्ममध्ये क्रमांक आणि शीर्षक दोन्ही कॉपी करून टाका, आठवून लिहू नका. मोकळा गटही असतो, स्वतःची कल्पना असेल तर तिथे.

गर्दी पाहून निवडा, हा एकच सल्ला. एका समस्येवर किती आयडिया स्वीकारायच्या याला पोर्टलवर मर्यादा असते, आणि किती आल्या तो आकडा शेजारी दिसतो. चॅटबॉट किंवा डॅशबोर्डवाल्या समस्यांसमोरचा आकडा झपाट्याने चढतो. मातीची, पाण्याची, यंत्राची समस्या मागे राहते, आणि आपल्याकडच्या मुलांच्या घरी नेमकी तीच असते.

"प्रकल्पाची कल्पना थोडक्यात" या रकान्यात काय लिहायचं?

आमच्या फॉर्ममध्ये इथे १५० शब्दांची मर्यादा आहे, आणि पहिली चाळणी याच मजकुरावर होते. म्हणून जरा सावकाश सांगतो. खालचं उदाहरण दोन-तीन टीमच्या मजकुरांवरून बेतलं आहे. नाशिक भागातली मुलं होती, विषय कांद्याच्या चाळीचा. आधी त्यांनी असं लिहून पाठवलं:

"आमची स्मार्ट कांदा साठवणूक प्रणाली आयओटी, क्लाउड आणि मशिन लर्निंगचा वापर करून कांद्याची नासाडी कमी करेल. ही प्रणाली किफायतशीर, वापरण्यास सोपी व पर्यावरणपूरक असून शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढवेल. रिअल टाइम डेटा मोबाइल अॅपवर दिसेल."

वाचून काय कळलं? काहीच नाही. "कांदा" काढून "टोमॅटो" घाला, "औषधं" घाला, मजकूर तसाच उभा राहतो. मी त्यांना बोलावून विचारलं: चाळ कोणाची? एकाच्या काकांची, २५ टनांची, दुपाखी. कांदा कधी भरतात? एप्रिल-मेमध्ये, उन्हाळ कांदा. सडतो कधी? पावसाळ्यात, जुलै-ऑगस्ट. काकांना कधी कळतं? वास आल्यावर. मग काय करतात? मजूर लावून सगळी चाळ उपसतात, चांगला-वाईट निवडतात. आणि तुमचं यंत्र सांगेल की आर्द्रता ८५ टक्के आहे, मग काका काय करतील?

इथे सगळे गप्प झाले. कांद्याला साठवणीत २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते हे त्यांना पाठ होतं. पण चाळ उघडी असते, बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांतून वारा खेळावा म्हणूनच ती तशी बांधतात. पावसाळ्यातली हवा कोरडी करायचा उपाय काकांकडे नाही. त्यामुळे नुसता आकडा दाखवणारं अॅप काकांच्या उपयोगाचं नाही. काका करू शकतात ती एकच गोष्ट: कुठला कप्पा आधी उपसायचा ते ठरवणं. कल्पना तिथे होती, आणि पोरांना ती दिसत नव्हती.

मग सेन्सरचा मुद्दा निघाला. त्यांनी `MQ-135` धरला होता. स्वस्त आहे, सगळ्यांच्या किटमध्ये असतो. पण तो वायू ओळखत नाही, अनेक वायूंना एकत्र दाद देतो, आणि आर्द्रता बदलली की त्याचा आकडाही हलतो. "अमुक आकड्याच्या वर गेला की कांदा सडला" असं त्यावरून म्हणता येत नाही. मात्र एकाच चाळीतल्या सगळ्या कप्प्यांना बाहेरची हवा जवळपास सारखीच लागते. सातपैकी सहा कप्पे एकत्र वर-खाली होतायत आणि एकच वेगळा चाललाय, तर त्या एकात काहीतरी घडतंय. शेजाऱ्याशी तुलना केली की सेन्सरचा दोष बराचसा झाकला जातो. शिवाय या सेन्सरच्या आत हीटर असतो, तो सतत चालू ठेवला तर बॅटरी टिकत नाही. म्हणून काही तासांनी जागं करायचं, गरम होऊ द्यायचं, मग वाचन घ्यायचं. आणि `SIM800L` मॉड्यूल फक्त टू-जीवर चालतं, त्यात जिओचं सिम चालत नाही. हे त्यांना घरी निघायच्या आधी कळलं ते बरं झालं, नाहीतर सादरीकरणाच्या सकाळी कळलं असतं.

पुन्हा लिहिलेला मजकूर असा आला:

"एप्रिल-मेमध्ये चाळीत भरलेला उन्हाळ कांदा पावसाळ्याच्या दमट हवेत ढिगाच्या आतून सडू लागतो. बाहेर वास येईपर्यंत शेतकऱ्याला कळत नाही, आणि मग पूर्ण चाळ उपसावी लागते. आम्ही प्रत्येक कप्प्यात ढिगाच्या मधोमध छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करतो. त्यात तापमान, आर्द्रता व वायूचा सेन्सर असतो आणि दर चार तासांनी वाचन होतं. एखाद्या कप्प्याचं वाचन इतर कप्प्यांपेक्षा सलग तीन वेळा वेगळं आलं, तर शेतकऱ्याच्या साध्या फोनवर मराठीत एसएमएस जातो: 'कप्पा ४ आधी निवडा.' आम्ही सड थांबवत नाही. कुठला कप्पा आधी उपसायचा तेवढं सांगतो. सध्या दोन क्रेटमध्ये चाचणी सुरू आहे, एकात निरोगी कांदा, दुसऱ्यात मुद्दाम मिसळलेला सडका कांदा. अंतिम फेरीत चार कप्प्यांचं चालतं मॉडेल दाखवू."

यात कुठेही "स्मार्ट" नाही, "क्लाउड" नाही. पण अडचण कोणाची, कधीची, तो आज काय करतो, तुम्ही नेमकं काय मोजता, त्यावरून तो काय वेगळं करेल, तुम्ही काय करत नाही, आणि आज तुमचं काम कुठवर आलंय हे सगळं आहे. "आम्ही सड थांबवत नाही" हे वाक्य टाकायला पोरं तयार नव्हती, कमीपणा वाटत होता. मला विचाराल तर तेच सगळ्यात चांगलं वाक्य आहे. परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारणार होते, त्याचं उत्तर आधीच मिळालं.

तुमची कल्पना कांद्याची नसेल, पण तपासणी तीच. मजकुरातला मुख्य शब्द काढून दुसऱ्या विषयाचा घाला. मजकूर तरीही खरा वाटत असेल तर पुन्हा लिहा.

कल्पना फॉर्ममध्ये लिहिली आणि दुसऱ्या टीमने उचलली तर?

तुमचा मजकूर मी आणि अंतर्गत फेरीचे परीक्षक वाचतो, शीट इतरांना उघडी नसते. तरी धास्ती असेल तर सर्किट आणि कोडचे बारकावे लिहू नका, १५० शब्दांत ते मावतही नाहीत. खरं सांगू? दरवर्षी एकाच समस्येवर चार-पाच टीमच्या कल्पना न चोरता सारख्या येतात. वेगळं ठरतं ते कोण चाळीत जाऊन आलं.

सादरीकरणही आत्ताच द्यायचं का?

फॉर्मबरोबर नाही, अंतर्गत फेरीच्या दिवशी. पण ते आयोजकांच्याच साच्यात करा, म्हणजे पुन्हा काम नको. साचा पोर्टलवर मिळतो: पहिल्या पानासकट जास्तीत जास्त सहा स्लाइड. नाव-क्रमांक, प्रस्तावित उपाय, तांत्रिक मांडणी, शक्यता आणि अडचणी, परिणाम, संदर्भ. परिच्छेद टाळून आकृत्या आणि मुद्दे द्यायचे, आणि शेवटी पीडीएफ करून चढवायचं. पॉवरपॉइंटची फाइल पोर्टल घेत नाही. पीडीएफ केल्यावर ती एकदा फोनवर उघडून पाहा. देवनागरी फॉन्ट तुटून चौकोन दिसतात ते लॅपटॉपवर नाही, दुसऱ्याच्या फोनवर दिसतात.

मेंटर हवा का? तो सहांत धरायचा?

सहांत धरत नाहीत. फॉर्ममध्ये मेंटरचं नाव ऐच्छिक आहे. नाव लिहिण्याआधी त्या सरांना किंवा मॅडमना विचारा, एवढंच.

फॉर्म भरल्यावर सदस्य बदलता येईल का?

आमची मुदत संपेपर्यंत हो. लीडरने त्याच्या नोंदवलेल्या ईमेलवरून मेल करायची: कोण गेलं, कोण आलं, नव्या सदस्याची पूर्ण माहिती. जाणाऱ्याला त्या मेलमध्ये प्रत ठेवायची, म्हणजे त्याला न सांगता काढलं असं होत नाही. बदलानंतरही टीममध्ये मुलगी आहे ना, ते पाहायचं. हे विसरून आलेली मेल मी परत पाठवतो. पोर्टलवर टीम चढल्यानंतर बदल माझ्या हातात राहत नाही, आयोजक त्या वर्षी जी मुभा देतील तेवढीच.

निवड झाली असं कळलं, पण लॉगिनची मेल आली नाही. काय करू?

आधी स्पॅम आणि प्रमोशन्स पाहा. मेलच्या शोधात `sih` टाका. तरी नसेल तर फॉर्मच्या प्रतीत तुमचा ईमेल अक्षर-अक्षर वाचा. तिथे चूक दिसली तर लगेच मला कळवा, पोर्टलवर दुरुस्ती करायला वेळ लागतो. पत्ता बरोबर असेल तर एक दिवस थांबा आणि मग मला मेल करा. मेलमध्ये टीमचं नाव, लीडरचं नाव आणि नंबर लिहा. "सर, लॉगिन नाही आलं" एवढ्याच मेसेजवरून साठ-सत्तर टीममधून तुम्ही कोण ते मला ओळखता येत नाही, आणि तुमचा व्हॉट्सअॅपचा फोटो गाडीचा असतो.

मुदतीच्या शेवटच्या रात्री ११:५० ला फॉर्म भरला तर चालेल?

फॉर्म ११:५९ ला बंद होतो, त्यामुळे चालेल. फक्त सदस्यांना होकाराची मेल दुसऱ्या दिवशी सकाळी जाते, आणि उत्तर द्यायला मिळतात ते दोन दिवस तेवढेच राहतात. मागच्या वेळी त्या दोन दिवसांत एक रविवार आणि एक विसर्जन होतं.